विचारून लिहावं

नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमचं नाव मराठीत कसं लिहायचं?" आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथूनच.

बायोडेटा मी इंग्रजीत दिला होता, हे खरं. पण नाव साधं होतं, कुठल्याही मराठी माणसाला डोळे मिटून लिहिता आलं असतं. मला वाटलं, माझी परीक्षा चाललीय. हे गृहस्थ सांगलीचे, मराठी डेस्कचे प्रमुख. समोर म्हैसूरची मराठी मुलगी, जिच्या घरी जेवताना मराठी सुरू होतं आणि ताक येईपर्यंत कन्नड झालेलं असतं. हिला स्वतःचं नाव तरी नीट लिहिता येतं का, बघूया. मी कागद पुढे ओढला आणि नाव लिहून दिलं, जरा गरजेपेक्षा ठळकच. त्यांनी ते वाचलं, "बरं" म्हणाले, आणि समोरच्या कम्प्युटरवर टाइप करून टाकलं.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "सुम्ने, सहज विचारला असेल गं. तुला सगळ्यातच डौट."

आईचं खरं आहे. संशय घ्यायला मला कारण लागत नाही. आमचे पूर्वज कुणा राजाच्या पागेत शिपाई म्हणून इथे आले म्हणतात. पहाऱ्यावर उभं राहून राहून तो गुण रक्तात उतरला असावा.

ऑफिस म्हैसूरच्या गोकुलममध्ये, एका घराच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली योगाचा वर्ग. सकाळी जिना चढताना गुंडाळलेल्या चटया घेतलेले परदेशी विद्यार्थी उतरत असायचे आणि एकमेकांना वाट देण्यात दोन्हीकडचा वेळ जायचा. वर आमची बातम्यांची वेबसाइट, निरनिराळ्या भाषांची डेस्कं एकाच हॉलमध्ये. मराठी डेस्कचं काम म्हणजे कर्नाटकातल्या बातम्या मराठीत देणं. एजन्सीकडून इंग्रजी मजकूर यायचा, काही कन्नड डेस्ककडून, आणि तो आम्ही मराठीत उतरवायचो. प्रमुख, मी, आणि लातूरचा एक सहकारी. आणखी एक जण होता, तो लवकरच सोडून गेला आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही. हेही मी मनात नोंदवून ठेवलं होतं.

कामात सगळ्यात जास्त डोकं खायची ती नावं. इंग्रजी मजकुरातून कन्नड माणसाचं नाव मराठीत आणायचं म्हणजे आंधळी कोशिंबीर. आमच्याकडे दक्षिणेत इंग्रजीत लिहिताना 'त'साठी 'टी'ला 'एच' जोडतात. लातूरकर नवीन होता तेव्हा त्याने एका लताबाईंना 'लथा' आणि एका पार्वतीला 'पार्वथी' करून ठेवलं. मी हसले. मग चिडून त्याने सगळ्याच 'टीएच'चा 'त' करायला घेतला, तर मंजुनाथाचा 'मंजुनात' झाला. 'ल' की 'ळ', ते तर इंग्रजीवरून कळायलाच मार्ग नाही. मला कन्नड येत असल्यामुळे हे माझ्याकडे यायचं, आणि तिथे मला जरा भाव होता. तो मी खायचेही.

नुसत्या कन्नडने भागेना तेव्हा मी फोन उचलायचे. बातमी देणाऱ्या वार्ताहराला, नाही तर ज्याचं नाव त्यालाच. "सार, तुमचं नाव नीट एकदा सांगा." आमच्या डेस्कची ही पद्धत कधी पडली, कुणी पाडली, आठवत नाही. पण पडली होती, आणि बाकीच्या डेस्कांना ती हास्यास्पद वाटायची. विचारलेलं नाव आमच्या यादीत जायचं, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

मग एक दिवस वरून हुकूम आला, प्रत्येक भाषेच्या डेस्कने आपली शैलीपुस्तिका करायची. नावं, लिप्यंतर, आकडे, सगळ्याचे नियम. हुकूम आणणाऱ्या बाई व्यवस्थापनातल्या होत्या, बेंगळुरूहून यायच्या, अतिशय गोड बोलायच्या. त्यांनी एकच अट घातली. नियमात 'प्रसंगानुसार', 'शक्यतो', 'सहसा' असले शब्द नकोत. नियम असा हवा, की ज्याला काहीच माहीत नाही त्यालाही तो लावता यावा.

मी कान टवकारले. आमच्यापैकी प्रत्येकाला काही ना काही माहीत होतं. मग ज्याला काहीच माहीत नाही, असा हा कोण येणार होता?

प्रमुखांना मात्र हुरूपच चढला. नियम हा त्यांचा जीव की प्राण. रोज दुपारी जेवणानंतर आम्हाला बसवून एकेक प्रश्न काढायचे. आकडे देवनागरीच, पण वेबसाइटचा पत्ता आणि गाडीचा नंबर इंग्रजी आकड्यांत. एक ते नऊ अक्षरी, दहापासून पुढे आकडी. पण वय, तारीख, वजन-माप नेहमी आकडीच. वाक्याची सुरुवात आकड्याने नको. एजन्सीने 'मिलियन' दिलं तर त्याचे दहा लाख करायचे आणि स्वल्पविराम आपल्या पद्धतीने द्यायचे. मजकुरात 'अडीच लाख', कोष्टकात मात्र '२.५ लाख'. यावर बाईंनी विचारलं, अडीच म्हणजे नक्की काय, आणि दीडनंतर 'साडेदोन' का होत नाही? प्रमुखांनी त्यांना फळ्यावर लिहून समजावलं. त्या मन लावून ऐकत होत्या. व्यवस्थापनातलं माणूस मन लावून ऐकतं तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं, असं माझं मत आहे.

शहराच्या नावावर जोरात भांडण झालं. सरकारी नाव बदललेलं, म्हणून बाई 'मैसूरु' लिहा म्हणाल्या. मी म्हटलं, मराठीत या गावाला म्हैसूर म्हणतात, आमच्या सात पिढ्या म्हैसूरच म्हणत आल्या. बाईंनी आमचं भांडण संपायची वाट न बघता जुन्या सगळ्या बातम्यांत एकगठ्ठा बदल करवला. दुसऱ्या दिवशी दिवाळीच्या फराळाच्या लेखात 'मैसूरुपाक' अवतरला होता, आणि वाचकांनी खाली कोपरखळ्यांचा पाऊस पाडला होता. प्रमुखांनी चष्मा वर करून फक्त माझ्याकडे पाहिलं. म्हैसूर परत आलं. त्या दिवशी मला ते थोडे आवडले.

टी. नरसीपूरच्या संगमावरच्या मेळ्याची बातमी आली तेव्हा त्यांनी विचारलं, हा 'टी' कसला? मी सांगितलं, तिरुमकूडलु. ते खूश होऊन म्हणाले, मग पूर्ण लिहूया. मी म्हटलं, तिथल्या बसवर 'टी. नरसीपूर' असतं, तिथली माणसं तेच म्हणतात, पूर्ण नाव घातलंत तर वाचक दुसऱ्याच गावाला जाईल. त्यांनी माझं ऐकलं. नियम लिहिला, गावाच्या नावातलं आद्याक्षर फोडू नये. पण ऐकलं म्हणूनच मला जास्त संशय आला. माझ्या डोक्यातलं सगळं असं एकेक करून कागदावर उतरत होतं.

खरी गोष्ट सुरू झाली ती आडनावावरून. अग्रहार भागातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा सत्कार होता, त्याची छोटीशी बातमी. इंग्रजीत आडनाव असं लिहिलं होतं, की वाचलं तर 'सिंधे' होत होतं. आमच्याकडच्या मराठा घरांतून शिंद्यांचं असं झालेलं सगळ्यांना माहीत आहे. प्रमुख म्हणाले, "नियम करूया. असं आडनाव आलं की शिंदे." लातूरकराने मान हलवली. मीही हलवणार होते, पण सवयीने फोन लावला.

म्हातारे आधी माझीच चौकशी करत बसले. "तुम्ही कुठल्या घरच्या? कुठल्या रस्त्याला?" सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, आजोबा, तुमचं आडनाव शिंदे ना?

"सिंधे," ते म्हणाले.

"म्हणजे मूळचं शिंदेच ना, आजोबा?"

"मूळचं कायबी असूंदे. माझा बाप सिंधे, त्याचा बाप सिंधे. शिंदे ते तिकडचे. नावु इल्लियवरु, आमी इथले. सिंधेच घाला. नाही तर बातमी नको मला, बिडी, सोडून द्या."

मी फोन ठेवला आणि सांगितलं, सिंधे. प्रमुखांचा चेहरा पडला. मराठीच्या माणसाला 'सिंधे' लिहिताना हाताला काय होत असेल, ते मला दिसत होतं. पण त्यांनी लिहिलं. तेव्हाच मी म्हटलं, "सर, पुस्तिकेत एक नियम घाला. माणसाचं नाव यादीत नसेल तर त्याला विचारून लिहावं. नियम लावून लिहू नये."

"हा नियम नाही," ते म्हणाले. "ही सवय झाली."

"मग सवय घाला."

त्यांनी मसुद्याच्या समासात माझं वाक्य लाल अक्षरात टिपून ठेवलं. पुढचा मसुदा आमच्या हातात आला त्यात ते नव्हतं. मी पुढून वाचलं, मागून वाचलं. आकडे होते, 'त' आणि 'थ' होते, आद्याक्षरं होती. विचारून लिहावं, एवढंच नव्हतं.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण बोलले नाही, मूग गिळून बसले आणि पाळत ठेवली. प्रमुख आता बाईंबरोबर गच्चीवर जाऊन बोलायचे. मी जवळ गेले की त्यांच्या पडद्यावरचा तक्ता खाली जायचा आणि दुसरंच काहीतरी वर यायचं. एकदा जिन्यात बाईंचा आवाज ऐकला, "हे एक कलम काढून टाका ना, सर, यानेच सगळं अडतं." ते काय म्हणाले ते कळलं नाही, कारण खालून चटयांची रांग वर आली. कोणतं कलम? आमच्यापैकी कुणाला तरी काढायचं कलम असणार. मी लातूरकराला सांगितलं, आपली भाकरी कोणीतरी भाजतंय, आणि ती आपल्याला वाढणार नाही. तो म्हणाला, तुम्ही फार विचार करता.

आईने मात्र माझ्या डौटला हसणं त्या वेळी सोडलं होतं. मी घरी पैसे आणायचे, आणि दुकानात बाबांच्या शिवणयंत्राला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. माझी नोकरी गेली तर काय, हे बोलायची कुणाची हिंमत नव्हती. ती फक्त एकदा म्हणाली, "कन्नड पेपरात जागा असली तर नोडू. आताच बघून ठेव."

शेवटी मी सरळ विचारलं. चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर. "सर, ही पुस्तिका कुणासाठी चाललीय?"

त्यांनी कप खाली ठेवला. "डेस्कसाठी."

"डेस्कवर आपण तिघं. आपल्याला तर येतंच सगळं."

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत काहीतरी होतं. मी त्याला लबाडी म्हटलं. माझ्याकडे त्या वेळी दुसरा शब्द नव्हता.

माझा संशय खरा निघाला. पावसाळा संपता संपता बाईंनी सगळ्यांना जमवून जाहीर केलं, की यापुढे एजन्सीचा मजकूर यंत्रच मराठीत आणील. आमच्या पुस्तिकेचे नियम त्याला शिकवले होते. नावांची यादीही दिली होती. इतरही भाषांत हळूहळू तसंच होणार होतं. मराठी डेस्कवर आता एवढी माणसं लागणार नव्हती. किती लागतील हे यंत्र सुरू झाल्यावर ठरवू, असं त्या अतिशय गोड आवाजात म्हणाल्या. लातूरकराने त्याच आठवड्यात पुण्यात नोकरी बघितली आणि तो गेला. मी प्रमुखांशी बोलणं सोडून दिलं. आमच्याच तोंडून काढून घेऊन आमच्याच गळ्यावर सुरी, आणि सुरीला धार लावली यांनी. मला त्यांचा राग नव्हता, तिटकारा होता. जेवणाचा डबाही मी खाली जाऊन योगवाल्यांच्या कट्ट्यावर खायला लागले.

यंत्र सुरू झालं त्या सकाळी बाई, त्यांचा प्रोग्रामर आणि आम्ही दोघं पडद्यासमोर उभे होतो. पहिली बातमी फटकन मराठीत आली. आकडे देवनागरी, दहा लाख बरोबर, अडीच लाख बरोबर. बाईंनी टाळी वाजवली. मग दुसरी आली, एका पंचायतीच्या नव्या अध्यक्षाची. त्यात त्याचं नाव पिवळं झालं आणि बातमी तिथेच थांबली. प्रसिद्ध करायचं बटण दाबलं जाईना. नावाखाली ओळ आली, 'यादीत नाही. विचारून लिहावं.'

तिसरी बातमीही थांबली. चौथीत दोन नावं होती, दोन्ही पिवळी.

बाईंचा गोडवा गेला. "हे बंद करा," त्या प्रोग्रामरला म्हणाल्या. त्याने तक्ता उघडून दाखवला. आमच्या हातात आलेल्या मसुद्यात नव्हतं, ते यंत्राच्या तक्त्यात सगळ्यात वर होतं, पहिला नियम म्हणून. माणसाचं नाव यादीत नसेल तर अंदाज करू नये, त्याला किंवा वार्ताहराला विचारून लिहावं. आणि अपवादाच्या रकान्यात 'नाही'. पहिला नियम अडला की पुढचे नियम लागतच नाहीत, अशी बांधणी होती. "शक्यतो असतं तर सैल करता आलं असतं," प्रोग्रामर म्हणाला. "पण तुम्हीच सांगितलं होतं, शक्यतो नको."

बाई प्रमुखांकडे वळल्या. ते खिडकीतून खाली बघत होते.

"हे काढा, असं मी किती वेळा म्हटलं होतं."

"काढलं की नावं चुकतात," ते म्हणाले. "मैसूरुपाकाचं आठवतंय ना?"

बाईंना आठवत होतं. मालकांनाही आठवत होतं. एकदा नाचक्की झालेली, दुसरी नको होती. नियम राहिला. म्हणजे दिवसभर पिवळी नावं निघणार, आणि कन्नडमध्ये, मराठीत, दोन्हींच्या मिसळीत, फोन लावून माणसांना विचारणारं कुणीतरी लागणार. असं माणूस डेस्कवर एकच होतं. सांगलीच्या गृहस्थांना कन्नड कधीच जमलं नव्हतं. त्यांना जे येत होतं ते सगळं, 'त' आणि 'थ'पासून अडीच लाखापर्यंत, तक्त्यात गेलेलं होतं.

महिनाअखेर ते गेले. मी फुलं आणली नाहीत, मला अजून ठरवता येत नव्हतं. त्यांना माहीत होतं का, की यातून मी राहीन आणि ते जातील? की नियमाच्या नादात, निव्वळ अचूकपणाच्या हौसेने घातला? माझ्यासाठी कुणी काही करतं यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. जाताना त्यांनी फक्त चार्जर मागितला, माझ्या टेबलावर राहिलेला.

त्यानंतर काही दिवसांनी साइटवर निरोपाची नोंद टाकायची होती. गेलेल्या सहकाऱ्याबद्दल चार ओळी द्यायची आमची रीत. मी लिहिलं, पाठवलं. त्यांचं नाव पिवळं झालं.

मी मग यादी चाळली. माझं नाव होतं, पहिल्या दिवशी मी ठळक लिहून दिलं होतं तसंच. लातूरकराचं होतं. लवकर सोडून गेलेल्या त्या चौथ्याचंही होतं. प्रत्येकाला त्यांनी आल्या दिवशी विचारलं होतं आणि घालून ठेवलं होतं. त्यांचं स्वतःचं नव्हतं. पगाराच्या कागदावर इंग्रजी, बातमीवर डेस्कप्रमुखाचं नाव कधी जात नाही, आणि आम्ही सगळे 'सर' म्हणत होतो. इतक्या दिवसांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

इंग्रजीवरून मी अंदाज केला असता. बरोबरही आला असता कदाचित. बटण दाबलं जात नव्हतं. मी फोन उचलला.

"सर, मी बोलतेय."

"हं, बोला."

आधी दुसरंच विचारायचं होतं. "तो पहिला नियम तुम्ही आमच्यापासून लपवून का ठेवलात?"

"तुम्हाला दाखवला असता तर तुम्ही बाईंशी भांडला असता," ते म्हणाले. "मग त्यांचं लक्ष गेलं असतं. नियम तुमचाच होता. मी फक्त वाक्य नीट केलं."

"आणि तुम्हाला माहीत होतं, की..."

"कशासाठी फोन केलात?"

पडद्यावर त्यांचं नाव अजून पिवळंच होतं.

"सर, तुमचं नाव मराठीत कसं लिहायचं?"

 त्यांनी सावकाश सांगितलं, आधी नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, एकेक अक्षर सुटं करून. मी टाइप करत गेले. आडनाव मी धरलं होतं तसं नव्हतं.

"वाचून दाखवा," ते म्हणाले.

मी वाचून दाखवलं.

"बरं," ते म्हणाले.